ब्लू-ग्रीन असूनही मागे येता आलं नाही : डेटाबेसचं काय करायचं?

मेधा_कोथरूड | बुधवार, रात्री ९:४०

आज सकाळी आमच्याकडे जे झालं ते सविस्तर लिहितेय. पुढच्या वेळी काय वेगळं करायचं हे मला खरंच समजून घ्यायचं आहे.

आम्ही बाणेरला बसतो, टीम सहा जणांची. हिंजवडी, बालेवाडी आणि खराडीच्या ऑफिसांत दुपारचे डबे पोचवणाऱ्यांसाठी आमची ऑर्डर सिस्टिम आहे. रोज साधारण १८०० ऑर्डर येतात. त्यातल्या बहुतेक सकाळी ८:३० ते १०:३० या दोन तासांत येतात आणि १०:३० ला ऑर्डर बंद होते. सर्व्हर एडब्ल्यूएसच्या मुंबई रीजनमध्ये आहेत, ईसीएसवर, आणि खाली एकच पोस्टग्रेस. मेन ब्रँचला मर्ज झालं की पाइपलाइन इमेज बांधते, डेटाबेसची रचना बदलणारं मायग्रेशन चालवते, मग कोडडिप्लॉय ग्रीन म्हणजे नवं व्हर्जन उभं करून लोड बॅलन्सरवरून सगळा ट्रॅफिक एकदम तिकडे वळवतो. ब्लू म्हणजे जुनं व्हर्जन त्यानंतर एक तास जिवंत राहतं.

डब्याची वेळ आम्ही `slot` नावाच्या एकाच कॉलममध्ये `12:30-13:00` अशी मजकूर म्हणून ठेवत होतो. ती मोडून दोन कॉलम करायचे होते. मायग्रेशन असं होतं:

```sql
ALTER TABLE deliveries ADD COLUMN slot_start time;
ALTER TABLE deliveries ADD COLUMN slot_end time;
UPDATE deliveries
   SET slot_start = split_part(slot, '-', 1)::time,
       slot_end   = split_part(slot, '-', 2)::time;
ALTER TABLE deliveries DROP COLUMN slot;
```

काल संध्याकाळी ६:४० ला हे गेलं. ग्रीन हिरवंगार, सगळे हेल्थ चेक पास. आम्ही घरी गेलो.

आज सकाळी ९:१५ ला वाकडच्या किचनमधून फोन आला की डबे पोचवणाऱ्या मुलांच्या यादीत अर्ध्या डब्यांपुढे सकाळी ७ ची वेळ छापून आली आहे. कारण पाच मिनिटांत सापडलं. फोनवरून वेळ यूटीसीमध्ये येते. आमच्या लॅपटॉपवर प्रोसेस भारतीय वेळेत चालते म्हणून ती नीट बदलली जायची. कंटेनर यूटीसीमध्ये चालतो, त्यामुळे १२:३० चे ७:०० झाले. मायग्रेशनने भरलेल्या जुन्या ओळी बरोबर होत्या, कालपासून आलेल्या ४१२ ऑर्डर चुकलेल्या.

९:२८ ला मी रोलबॅक केला. ब्लू केव्हाच बंद झालं होतं, म्हणून आधीची इमेज नव्याने उभी करावी लागली. ९:३३ ला ती वर आली आणि प्रत्येक ऑर्डर पडायला लागली:

```
ERROR:  column "slot" does not exist
```

घाईत ९:४१ ला आम्ही मायग्रेशनची उलटी बाजू चालवली. ती फ्रेमवर्कने आपोआप लिहिलेली होती, आणि आमच्यापैकी कोणीही ती आधी वाचलेली नव्हती. तिने `slot` परत आणला, पण रिकामा, आणि दोन्ही नवे कॉलम काढून टाकले. म्हणजे चुकलेल्या ४१२ ऑर्डरच नव्हे, अख्ख्या टेबलातल्या वेळा गेल्या.

शेवटी ९:४० पर्यंतचा डेटाबेस पॉइंट-इन-टाइम रिस्टोअरने वेगळ्या इन्स्टन्सवर उभा केला. तो वापरता येईपर्यंत १०:३२ झाले. तिथून वेळा उचलल्या, चुकलेल्यांत साडेपाच तास मिळवले आणि आयडी जुळवून परत भरल्या. डबे तासभर उशिरा निघाले. किचनमधल्या ताईंनी कितीतरी ग्राहकांना स्वतः फोन केले, त्याचं मला फार वाईट वाटतंय.

प्रश्न असा आहे की ब्लू-ग्रीनमध्ये परत फिरणं म्हणजे फक्त ट्रॅफिकचा काटा उलटा वळवणं, असं आम्ही समजत होतो. मग हे कुठे चुकलं?

---

खराडीचा_रोहन | बुधवार, रात्री १०:०५

सगळा ट्रॅफिक एकदम वळवलात तिथेच चूक झाली. कॅनरी करायला हवी होती. आधी १०% ट्रॅफिक, पाच मिनिटं थांबायचं, अलार्म वाजला नाही तर बाकीचा. कोडडिप्लॉयमध्ये हे तयारच मिळतं, `CodeDeployDefault.ECSCanary10Percent5Minutes`. आमच्याकडे कुबर्नेटीस आहे, काही बिघडलं की

```
kubectl rollout undo deployment/orders
```

की मिनिटभरात जुनं व्हर्जन परत. तुमचा ब्लू तासाभरात मेला हे तर फारच कमी आहे. ती वेळ दोन दिवसांपर्यंत वाढवता येते.

---

जुना_डीबीए | बुधवार, रात्री १०:५०

मेधाताई, इतकं प्रामाणिकपणे आणि घड्याळाच्या काट्यासह लिहिलंत म्हणून काय झालं ते नेमकं सांगता येतं.

रोहन, ब्लू जास्त वेळ जिवंत ठेवायचा हे तुझं म्हणणं बरोबर. पण इथे ब्लू जिवंत असता तरी उपयोग शून्य होता, कारण `slot` कॉलमच गेला होता. `rollout undo` मागचा पॉड टेम्प्लेट परत आणतं, डेटाबेसला हात लावत नाही. आणि कॅनरीने तर या मायग्रेशनमध्ये जास्त नुकसान झालं असतं. १०% लोक नव्या कोडवर आणि ९०% जुन्यावर, पण कॉलम सगळ्यांसाठीच गेलेला. त्या पाच मिनिटांत ९०% ऑर्डर पडल्या असत्या.

मेधाताई, एक तपासून बघा. तुमच्या पाइपलाइनमध्ये मायग्रेशन आधी चालतं आणि ट्रॅफिक नंतर वळतो. मधल्या काळात ब्लू लोकांना सेवा देत होता. मंगळवारी ६:४० च्या पुढच्या काही मिनिटांत ब्लूच्या लॉगमध्ये हीच एरर सापडेल असं मला वाटतं.

---

मेधा_कोथरूड | बुधवार, रात्री ११:२०

सापडली. ६:४१ ते ६:४७, एकूण ३८ वेळा. कोणाला कळलंच नाही, कारण डिप्लॉयच्या वेळचे आमचे अलार्म फक्त ग्रीनच्या टार्गेट ग्रुपवर लावलेले होते.

---

सुहास_औंध | गुरुवार, सकाळी ७:३०

मग दोन डेटाबेस ठेवा ना. ब्लूला एक, ग्रीनला एक. नाव ब्लू-ग्रीन आहे तर सगळंच दुहेरी हवं. आरडीएसमध्ये ब्लू/ग्रीन डिप्लॉयमेंट नावाची सोय आहेच.

---

जुना_डीबीए | गुरुवार, सकाळी ८:१५

सुहासराव, ग्रीनवर गेल्यानंतर रात्रभर आलेल्या ऑर्डर ग्रीनच्या डेटाबेसमध्ये पडणार. सकाळी ब्लूवर परतलात तर तिथे कालचा डेटा, आणि त्या ४१२ ऑर्डर नाहीतच. तुम्ही म्हणता ती आरडीएसची सोय मी वापरली आहे. पोस्टग्रेसचं मोठं व्हर्जन बदलायला ती उत्तम. पण अदलाबदल झाली की जुना डेटाबेस नावापुढे `-old1` लावून बाजूला पडतो आणि नव्यातले बदल त्याच्याकडे उलटे जात नाहीत. ती पुढे जायची वाट आहे, मागे यायची नाही.

त्यामुळे डेटाबेस एकच राहणार हे धरूनच चालायचं. मग अट उरते ती एवढी, की डेटाबेसची कुठलीही अवस्था कोडच्या चालू आणि त्याच्या लगेच आधीच्या, अशा दोन्ही व्हर्जनांना चालली पाहिजे. ही अट पाळली तर मधल्या काळात ब्लू पडत नाही आणि परत फिरताही येतं. तुमच्या मायग्रेशनने कॉलम घालणं आणि काढणं एकाच दमात केलं, म्हणून अट मोडली.

हेच काम मी पाच रिलीजमध्ये करतो.

पहिल्यात दोन नवे कॉलम घालायचे, रिकामे. कोड तसाच. जुन्या कोडला त्यांची जाणीवही नसते. फक्त `ALTER TABLE` च्या आधी `SET lock_timeout = '2s';` लिहा. काम क्षणाचं असलं तरी त्याला टेबलावर पूर्ण कुलूप लागतं. कोणाचा तीन मिनिटांचा रिपोर्ट चालू असेल तर हा त्याच्या मागे उभा राहतो आणि पुढच्या सगळ्या क्वेरी याच्या मागे. दोन सेकंदांत जमलं नाही तर सोडून द्यायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा.

दुसऱ्यात कोड दोन्हीकडे लिहितो, पण वाचतो जुन्याच `slot` मधून. हा रिलीज गेल्यावर जुन्या ओळी आयडीच्या क्रमाने चार-पाच हजारांच्या तुकड्यांत भरून घ्यायच्या. एकाच `UPDATE` ने अख्खं टेबल नको.

आणि इथे घाई करायची नाही. एक-दोन दिवस ही क्वेरी चालवत राहायची:

```sql
SELECT count(*) FROM deliveries
 WHERE slot_start IS DISTINCT FROM
       split_part(slot, '-', 1)::time;
```

उत्तर शून्य यायला हवं. ताई, तुमचा यूटीसीचा घोळ या क्वेरीत पहिल्याच ऑर्डरला दिसला असता. `slot` मध्ये 12:30 आणि `slot_start` मध्ये 07:00. किचनच्या यादीत मात्र बरोबर वेळ छापली गेली असती, कारण वाचन अजून जुन्यातूनच आहे. चूक प्रॉडक्शनमध्ये असूनही कोणाचा डबा चुकला नसता. दोन्हीकडे लिहिण्याची खटपट मी मुख्यतः याच्यासाठी करतो.

तिसऱ्या रिलीजमध्ये वाचन नव्या कॉलममधून सुरू करायचं, लिहिणं मात्र दोन्हीकडेच. इथून दुसऱ्यावर बिनधास्त परतता येतं, कारण `slot` ताजा आहे.

चौथ्यात `slot` मध्ये लिहिणं बंद. त्याला `NOT NULL` असेल तर ते आधी काढा, नाहीतर प्रत्येक नवी ऑर्डर पडेल. इथून तिसऱ्यावर परतता येतं, दुसऱ्यावर नाही. त्यामुळे चौथा जाण्याआधी तिसरा काही दिवस तरी मुरू द्या.

पाचव्यात कॉलम काढायचा. यातून परत यायची वाट नाही, म्हणून तो एकटाच जातो, त्याच्यासोबत दुसरं काही नाही.

---

ज्योती_भोसरी | गुरुवार, दुपारी १:१०

माझा अनुभव थोडा वेगळा आहे, विषयाला धरून आहे का ते सांगा. आमचं वेअरहाऊसचं सॉफ्टवेअर आहे, चाकणच्या काही कारखान्यांत चालतं. डेटाबेस बदललाच नव्हता, तरी कॅनरीत गोंधळ झाला. २०% ट्रॅफिक नव्यावर सोडला आणि काही लोकांना पांढरी स्क्रीन दिसायला लागली, रिफ्रेश केलं की कधी यायचं, कधी नाही. शेवटी कळलं की पान नव्या सर्व्हरकडून यायचं, त्यात नव्या जावास्क्रिप्ट फाइलचं नाव, आणि ती फाइल मागणारी विनंती जायची जुन्या सर्व्हरकडे. त्याच्याकडे ती नाहीच, म्हणून ४०४.

लोड बॅलन्सरवर टार्गेट ग्रुपची स्टिकीनेस चालू केल्यावर एक माणूस एकाच बाजूला राहायला लागला. पुढे फाइल्स एस-थ्रीवर टाकल्या आणि जुन्या पुसणं बंद केलं, मग कायमचं मिटलं.

---

मोजमाप | गुरुवार, रात्री ९:००

ज्योती, विषयाला धरूनच आहे. तुमच्याकडे दोन व्हर्जनांच्या मध्ये फाइल्स सापडल्या, मेधाकडे कॉलम.

मला रोहनच्या कॅनरीबद्दल बोलायचं आहे. मेधा, संध्याकाळी पावणेसातला तुमच्याकडे तासाला किती ऑर्डर येतात?

---

मेधा_कोथरूड | गुरुवार, रात्री ९:१५

तीसच्या आसपास.

---

मोजमाप | गुरुवार, रात्री ९:४०

तासाला ३० म्हणजे पाच मिनिटांत अडीच. त्याच्या १०% म्हणजे पाव ऑर्डर. कॅनरीच्या त्या पाच मिनिटांत नव्या कोडवर एकही ऑर्डर न येण्याचीच शक्यता जास्त होती. अलार्म शांत राहिला असता आणि तुम्ही पुढे गेला असता.

सकाळच्या गर्दीत मिनिटाला सरासरी १२ धरा. पाच मिनिटांत ६०, त्यातल्या ६ कॅनरीवर. यूटीसीसारखी प्रत्येक ऑर्डरला लागणारी चूक सहांत दिसेल. पण ५० पैकी एकाच ऑर्डरला लागणारी चूक असेल तर? ती निदान एकदा दिसण्याची ९५% खात्री हवी असेल तर सुमारे १५० ऑर्डर कॅनरीवरून जाव्या लागतात. मिनिटाला १.२ या वेगाने सव्वाशे मिनिटं तरी लागतील, म्हणजे तुमची पूर्ण सकाळ. पाच मिनिटं आणि १० टक्के हे आकडे मोठ्या ट्रॅफिकवाल्यांचे आहेत. छोट्या सिस्टिमने वेळेऐवजी ऑर्डरची संख्या मोजून पुढे जावं.

आणि दिसेल म्हणजे कोणाला दिसेल? तुमच्या चुकलेल्या ऑर्डरना सर्व्हरने २०० हेच उत्तर दिलं होतं. एरर नाही, वेळ लागला नाही, सीपीयू शांत. रोहन म्हणतो तो अलार्म ५०० मोजतो. इथे हवा होता तो असा, की ११ ते ३ च्या बाहेरची वेळ असलेली ऑर्डर आली की वाजायचा. डबा सकाळी ७ ला कोणी मागवत नाही, हे किचनला माहीत होतं, पाइपलाइनला नव्हतं.

---

खराडीचा_रोहन | गुरुवार, रात्री १०:१०

मान्य. आमच्याकडे मिनिटाला हजारो विनंत्या असतात, त्यामुळे हा हिशोब मी कधी केलाच नव्हता. एक मात्र सुचवतो. कोडडिप्लॉयच्या ईसीएस ब्लू-ग्रीनमध्ये टेस्ट लिसनर लावता येतो, वेगळ्या पोर्टवर. खरा ट्रॅफिक वळण्याआधी तिथून ग्रीनवर एक ऑर्डर टाकायची आणि `AfterAllowTestTraffic` या हुकमध्ये ती किचनच्या यादीत किती वाजताची छापली जाते ते तपासायचं. जुळलं नाही तर डिप्लॉय तिथेच थांबतं. कमी ट्रॅफिकवाल्यांना १०% कॅनरीपेक्षा हे जास्त उपयोगी पडेल.

---

मोजमाप | गुरुवार, रात्री १०:२५

हे मला पटलं. फक्त ती ऑर्डर खऱ्या डेटाबेसमध्ये पडणार, तेव्हा ग्राहक वेगळा ठेवा, नाहीतर रोज एक डबा जास्त बनेल.

---

सुहास_औंध | शुक्रवार, सकाळी ७:४५

जुना_डीबीए, दोन डेटाबेसचं तुम्ही सांगितलेलं समजलं. पण मग ९:१५ ला फोन आला तेव्हा मेधाने काय करायला हवं होतं? रोलबॅक तर जमणारच नव्हता.

---

जुना_डीबीए | शुक्रवार, सकाळी ८:३०

माझ्या मते पुढेच जायला हवं होतं. ९:२० ला कारण हातात होतं आणि डेटा एक कणही हरवला नव्हता. ग्रीनवरच राहून कोडमधला वेळेचा बदल दुरुस्त करायचा, पाइपलाइनने तो पाठवायचा, आणि मंगळवारच्या डिप्लॉयनंतरच्या ओळींत साडेपाच तास मिळवायचे. नुकसान झालं ते उलट्या मायग्रेशनने. प्रॉडक्शनवर कॉलम पाडणारी उलटी मायग्रेशन मी चालवतच नाही, आमच्या पाइपलाइनमधून ती सोयच काढली आहे.

कोड मागे घेतल्याने घोळ वाढण्याचं जुनं आणि प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतल्या नाइट कॅपिटलचं. १ ऑगस्ट २०१२. आठ सर्व्हरपैकी सातांवर नवा कोड गेला, एकावर राहिला. नव्या कोडने जुनाच एक फ्लॅग वेगळ्या अर्थाने वापरला होता. राहिलेल्या सर्व्हरवर त्या फ्लॅगने वर्षानुवर्षं पडून असलेला जुना कोड जागा केला. गोंधळात त्यांनी सात सर्व्हरवरचा नवा कोडच काढला, फ्लॅग मात्र चालूच राहिला, आणि एका ठिकाणचा बिघाड आठही ठिकाणी पसरला. सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं.

---

मोजमाप | शुक्रवार, सकाळी ९:०५

इथे मी सहमत नाही. सकाळी ९:२० ला, फोन वाजत असताना, न तपासलेला दुरुस्तीचा कोड प्रॉडक्शनवर पाठवायचा? त्यांची बांधणी आणि चाचण्या यांना किती वेळ लागतो ते आपल्याला माहीत नाही. कारण पाच मिनिटांत सापडलं हे नशीब. सापडलं नसतं तर? मागे येणं हीच पहिली कृती असावी आणि ती नेहमी शक्य राहील अशी मायग्रेशन असावीत.

---

जुना_डीबीए | शुक्रवार, सकाळी ९:३०

शक्य असेल तर मागेच यावं, यात वाद नाही. पण कॉलम पडलेला असताना मागे येणं शक्य नव्हतं. त्या क्षणी पर्याय दोनच होते, आणि त्यातला पुढे जाण्याचा कमी धोक्याचा होता असं माझं अजूनही मत आहे.

---

मेधा_कोथरूड | तीन आठवड्यांनी, सोमवार, रात्री १०:३०

उशीर झाला, पण काम करूनच लिहायचं ठरवलं होतं.

आमच्या पाइपलाइनला इमेज बांधून वर जायला १९ मिनिटं लागतात. त्या दिवशी पुढे गेलो असतो तर ९:४५ च्या सुमारास दुरुस्त झालो असतो. तरीही मोजमाप म्हणतात ती भीती मला खरी वाटते, त्यामुळे त्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी अजून नाही.

जुना_डीबीए काकांच्या पद्धतीने दुसऱ्या रिलीजपर्यंत पोचलोय. पहिला रिलीज `lock_timeout` मुळे दोनदा थांबला आणि तिसऱ्यांदा गेला. रोहनने सांगितलेला टेस्ट लिसनर लावला आहे, आणि अलार्म आता ब्लू-ग्रीन दोन्हींवर आहेत. ११ ते ३ बाहेरच्या वेळेचाही आहे.

जुळणीची क्वेरी पहिल्या दिवशी शून्य आली. दुसऱ्या दिवशी २३. वेळेचा घोळ पुन्हा झाला असं वाटून पोटात गोळा आला, पण कारण निराळंच निघालं. पावसामुळे रस्ते तुंबले की किचनचे सुपरवायझर एका जुन्या स्क्रिप्टने स्लॉट पुढे ढकलतात. ती स्क्रिप्ट आमच्या कोडमधून जात नाही, थेट `slot` बदलते. या टेबलात लिहिणारं आणखी कोणी आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं. सरळ तिसऱ्यावर गेलो असतो तर पावसाच्या दिवशी त्यांनी बदललेल्या वेळा यादीत आल्याच नसत्या.

काका, यासाठी डेटाबेसमध्येच ट्रिगर लावून `slot` बदलला की नवे कॉलम भरावेत, की स्क्रिप्टच दुरुस्त करावी?

---

जुना_डीबीए | सोमवार, रात्री ११:१०

उत्तम शोध. ट्रिगर लावा, पण फक्त तिसऱ्या रिलीजपर्यंत, आणि स्क्रिप्टही दुरुस्त कराच. ट्रिगर कायमचा राहिला तर चौथ्या रिलीजला `slot` रिकामा आल्यावर तो नवे कॉलमही रिकामे करेल.

लिहिणारा एक सापडला, आता वाचणारे शोधा. हिशोबाचा महिनाअखेरचा रिपोर्ट `slot` वाचतो का?

---

मेधा_कोथरूड | मंगळवार, सकाळी १०:४५

वाचतो. आत्ताच पाहिलं. पाचवा रिलीज या महिन्याची अखेर होऊन पुढच्या महिन्याचा रिपोर्ट नव्या कॉलमवरून निघाल्यावरच जाईल.